रीमभर कागद आणि फिरती खुर्ची

एका कंपनीसाठी मी छोटी मालिका करायला घेतली: पाच भाग, प्रत्येक भाग तीन मिनिटांचा, टेबलाशी बसूनच करायचे ताण. वीस वर्षं योग शिकवते आहे, त्यामुळे हे काम दोन दुपारींत उरकेल असं वाटलं होतं. पहिल्याच चाचणीत खुर्चीने मला धडा शिकवला.

मी निवडलं होतं खुर्चीतलं भरद्वाजासन. बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टे आणि लाकडी ठोकळे आसनांसाठी सर्रास वापरायला सुरुवात केली, आणि हे आसन त्या परंपरेतल्या वर्गांत हमखास करून घेतात. खुर्चीवर आडवं बसायचं, पाठीचा टेका आपल्या उजव्या हाताला येऊ द्यायचा, दोन्ही हातांनी तो धरायचा आणि धड त्याच्याकडे वळवायचं. आमच्या वर्गातली घडीची लोखंडी खुर्ची जागची हलत नाही. ऑफिसची खुर्ची मात्र फिरते. समोरच्या बाईंनी टेका धरून जोर लावला, खुर्ची गर्रकन फिरली आणि बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. शरीर वळलंच नव्हतं, वळली होती ती फक्त खुर्ची. गंमत म्हणजे त्यांना वाटलं, आपल्याला छान जमलं!

त्या दिवशी मालिकेचा आराखडा फाडला. आधी जागा बघायची आणि मग आसन ठरवायचं, असं नव्याने सुरू केलं.

या वळणाची गरज का आहे, हे आधी समजून घेऊ. दिवसभर लॅपटॉपसमोर बसलं की पाठीचा वरचा भाग, म्हणजे बरगड्या जिथे मणक्यांना जोडलेल्या असतात तो भाग, पुढे वाकलेला राहतो आणि हळूहळू तसाच आखडतो. धड वळवायचं बरंचसं काम याच भागाने करायचं असतं. कमरेच्या मणक्यांतल्या छोट्या सांध्यांची रचनाच अशी असते, की ते पुढे-मागे वाकायला मोकळे असतात पण वळायला फारसे नाहीत. पाठ आखडलेली असताना जोराने वळलं, तर तो जोर कमरेवर येतो. म्हणून कंबर स्थिर ठेवायची आणि वळण वर न्यायचं, हे या आसनाचं मर्म.

फिरत्या खुर्चीवर हे साधायचं कसं? उत्तर प्रिंटरशेजारी पडलेलं होतं. ए-फोर कागदाची न फोडलेली रीम घ्यायची. ती साधारण पाच सेंटीमीटर जाड असते. खुर्चीच्या पुढच्या कडेकडे सरकून, टेबलाकडे तोंड करून बसायचं. पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली हवीत. पाय पोचत नसतील तर खुर्ची खाली घ्यायची किंवा पायाखाली दुसरी रीम ठेवायची. पहिली रीम दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून हलकेच दाबायची. श्वास घेताना डोक्याचा माथा वर न्यायचा आणि श्वास सोडताना छाती उजवीकडे वळवायची. डावा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि उजवा हात खुर्चीच्या बैठकीवर मागे. मान सर्वांत शेवटी वळवायची. तिथे चार शांत श्वास घ्यायचे, मग समोर येऊन दुसरी बाजू.

चुकलं की रीमच सांगते. एक गुडघा दुसऱ्याच्या पुढे गेला, तर रीम तिरकी होते किंवा निसटून पडते. याचा अर्थ ओटीपोट आणि खुर्ची एकत्र फिरली. आरसा लागत नाही की शिक्षकही लागत नाही. वळण कमी झालं तरी चालेल, पण रीम सरळ राहिली पाहिजे, एवढी एकच सूचना मी त्या भागात दोनदा देते.

बाकीच्या भागांत मी अवयवांची वाटणी केली नाही, दिवसाच्या वेळा धरल्या. ‘आज मानेचा दिवस’ हे कुणाच्या लक्षात राहत नाही, पण मीटिंग संपली हे सगळ्यांना कळतं. लॅपटॉप सुरू होईपर्यंत मनगटं आणि बोटं. पहिली मीटिंग संपली की मान. जेवायला उठताना मांडीचा सांधा. रीमचा भाग चारच्या चहाच्या आधी, कारण भरल्या पोटी वळायचं नसतं आणि तोवर जेवून दोन-तीन तास झालेले असतात. निघताना डोळे आणि श्वास.

मांडीच्या सांध्याच्या भागावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. बसल्यावर मांडीच्या मुळाशी असलेले, पाय वर उचलणारे स्नायू तासन्‌तास आखूड अवस्थेत राहतात. त्यांना लांब करायला उभंच राहावं लागतं. एका हाताने टेबलाची कड धरायची, एक पाय हातभर मागे न्यायचा, मागची टाच उचललेली आणि तो गुडघा किंचित वाकलेला. आता पुढे झुकायचं नाही. मागच्या पायाच्या बाजूचा नितंब आवळायचा आणि माकडहाड खाली-आत घ्यायचं. ताण मांडीच्या वर, समोरून जाणवला पाहिजे. तो कमरेत जाणवला, तर कंबर मागे कमानीसारखी वाकली आहे, म्हणून पाय थोडा जवळ घ्यायचा. एका बाजूला वीस-तीस सेकंद पुरे. साडी नेसलेल्यांसाठी पाय कमी मागे, पण नितंब आवळणं तितकंच.

मानेच्या भागातून एक जुनी सवय मी काढून टाकली: मान गोल गोल फिरवणं. मागे झुकवून फिरवताना मानेचे सांधे दाबले जातात आणि काहींना चक्करही येते. त्याऐवजी कान खांद्याकडे नेणं, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने खुर्चीची बैठक खालून धरणं. हात धरला नाही तर तो खांदाही वर चढतो आणि ताण पडतच नाही.

चित्रीकरणातही धडे मिळाले. समोरून चित्रीकरण केलं की माझा उजवा हात बघणाऱ्याच्या डावीकडे दिसतो आणि निम्मे लोक उलटं करतात. म्हणून कॅमेरा बाजूला ठेवला, आणि ‘उजवा’ऐवजी ‘माउसचा हात’ असं म्हणू लागले. डावखुऱ्या एका मुलाने ताबडतोब आक्षेप घेतला, तो मान्य! ऑफिसात आवाज बंद असतो, म्हणून प्रत्येक सूचना पडद्यावर मराठीत लिहिलेलीही आहे.

आयुष मंत्रालयाचा ‘वाय-ब्रेक’ नावाचा पाच मिनिटांचा कार्यक्रम आधीच आहे, मग नवं कशाला, असं एका व्यवस्थापकांनी विचारलं. तो चांगला आहे. ताडासनापासून भ्रामरीपर्यंत सगळं त्यात नीट बसवलं आहे. पण त्यातल्या पुष्कळशा क्रिया उभं राहून, हात वर करून करायच्या आहेत, आणि चाळीस जणांच्या खुल्या दालनात एकट्याने हात वर करायचा संकोच मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्या पाचांपैकी चार भाग शेजारच्याच्या लक्षातही येणार नाहीत असे आहेत.

या ताणांना मर्यादा आहेत. एका वेळच्या ताणाने आलेला मोकळेपणा थोड्याच वेळात ओसरतो, म्हणून तीन मिनिटं रोज, आणि एकदम अर्धा तास नको. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील आणि रात्री त्या मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता असते. तिथे मनगट अधिक ताणून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं. मानेतून हातात किंवा कमरेतून पायात कळ उतरत असेल, तरीही तेच. ही सूचना मी पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच घातली, शेवटी घातली तर तिथवर कुणी पोचत नाही.

मागच्या आठवड्यात त्या ऑफिसात पुन्हा गेले होते. प्रिंटरजवळ रीम सापडेना. चौकशी केली तर तीन जणांच्या टेबलांखाली एकेक निघाली, एकही न फोडलेली.