छावणीतली मुलांची खोली

2022च्या जूनमध्ये बेथुकांदीच्या फुटलेल्या बांधातून बराक नदीचं पाणी शिरलं आणि आसाममधलं सिलचर शहर पाण्याखाली गेलं. कुटुंबांनी शाळांमध्ये आसरा घेतला. आपल्याकडे 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकरांनीही हेच अनुभवलं. अशा छावणीत मोठी माणसं रेशन, पंचनामे आणि पडक्या घराच्या काळजीत असतात; मुलांकडे बघायला कुणाला सवड नसते. म्हणून आसामच्या छावण्यांमध्ये मुलांसाठी ‘बालस्नेही जागा’ चालवल्या जातात. 1999 मध्ये अल्बानियात आलेल्या कोसोव्होच्या निर्वासितांसाठी युनिसेफने अशा जागा उभारल्या आणि पुढे ही पद्धत अनेक देशांत पोचली.

तिथे नेमकं काय चालतं?

समजा, शाळेतला एक कोरडा, उजेडाचा वर्ग मिळाला. आधी काचा, खिळे, उघड्या वायरी बघून घ्यायच्या आणि स्वच्छतागृह किती लांब आहे तेही पाहायचं. मग वेळ ठरते: सकाळी दहा ते बारा, रोज. मूल आलं की वहीत नाव लिहायचं आणि जाताना ते कुणाबरोबर गेलं तेही. पाच ते नऊ वयाच्या साधारण वीस मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत. एक रडणाऱ्या मुलाजवळ बसलं, तरी दुसऱ्याला खेळ चालू ठेवता येतो.

सुरुवात गोलात बसून ओळखीच्या गाण्याने होते. मग मामाचं पत्र, लगोरीसारखा धावपळीचा खेळ, त्यानंतर चित्रं किंवा माती, आणि शेवटी गोष्ट. हा क्रम रोज तोच ठेवतात. घर, शाळा, झोपायची जागा सगळंच बदललेल्या मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक असलं की धीर येतो. खेळणी कमी असली तरी चालतं, पण ताई-दादा रोज नवे असले तर मूल मोकळं होत नाही.

एक चूक सर्रास होते: ‘पुराचं चित्र काढा’ असं सांगणं. मुलाला हवं तेव्हा ते पूर काढेल. आपण आठवण उकरायची नाही. मात्र एखादं मूल कितीतरी दिवस बोलत नसेल, जेवत नसेल किंवा कुणा एका माणसाला पाहून दचकत असेल, तर गाणी-खेळ पुरत नाहीत. तिथे समुपदेशक लागतो, आणि धोक्याचा संशय असेल तर 1098 ही चाइल्डलाइन.

या जागांच्या मर्यादाही अभ्यासांतून दिसल्या आहेत. वर्ल्ड व्हिजन आणि कोलंबिया विद्यापीठाने काही देशांत केलेल्या पाहणीत लहानांना फायदा जास्त दिसला, किशोरवयीनांना कमी. कारण समजण्यासारखं आहे. चौदा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहते. बडबडगीत तिच्यासाठी नसतं. तिच्यासाठी संध्याकाळचा वेगळा तास हवा: अभ्यास, कॅरम, मैत्रिणींशी गप्पा, आणि तेवढा वेळ भावाला सांभाळणारं कुणीतरी.

पूरग्रस्तांसाठी खेळण्यांची पोती पाठवणाऱ्या मंडळांनी त्याऐवजी दोन प्रशिक्षित माणसं द्यावीत, छावणी उठेपर्यंत रोज तीच.