चिपकडे जाणारी एक ओळ

वॉशिंग मशीनमधल्या छोट्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचा, तर तो अनेकदा इंटेल हेक्स या साध्या मजकुराच्या फाइलमधून जातो. तिची एक ओळ अशी:

```
:040010000C946E00DE
```

सुरुवातीचा कोलन म्हणजे नवी ओळ. पुढची प्रत्येक दोन अक्षरे मिळून एक बाइट. `04` म्हणजे चार बाइट डेटा, `0010` हा तो ठेवण्याचा पत्ता, `00` हा प्रकार. मग डेटा `0C946E00`, आणि शेवटी पडताळणीचा बाइट `DE`.

चिपमधला बूटलोडर कोलनची वाट पाहतो आणि येणारा प्रत्येक बाइट बेरजेत मिळवत जातो. इथे `DE`च्या आधीची बेरीज दशमानात २९० होते. त्यातून २५६ वजा केले की उरतात ३४. `DE` म्हणजे २२२. ३४ आणि २२२ मिळून बरोबर २५६, म्हणजे एका बाइटमध्ये शून्य. शून्य आले नाही, तर ओळ नाकारायची.

बेरीज जुळली की प्रकार पाहायचा. `00` असेल तर डेटा आधी तात्पुरत्या जागेत साठतो, कारण फ्लॅश मेमरी पानापानाने लिहिली जाते. एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये पान १२८ बाइटचे असते. `01` म्हणजे फाइल संपली. चार अंकी पत्ता ६५,५३६ बाइटपुरताच पुरतो, म्हणून `04` प्रकारची ओळ पत्त्याचा वरचा भाग सांगते.

पण दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते! म्हणून लिहिलेली मेमरी पुन्हा वाचून मूळ डेटाशी ताडून पाहावी लागते. शिवाय पत्ता बूटलोडरच्या स्वतःच्या जागेत पडत असेल, तर ती ओळ त्याने नाकारलीच पाहिजे.