आजीची पट्टी निघाली का?

भाचीने फोन माझ्या हातात दिला. "मावशी, तूच वाच आणि सांग. यातला कोण मनापासून बोलतोय?"

ती पुण्यात बँकेत आहे, वय २९. लग्न जुळवण्याच्या ॲपवर तिला एकाच आठवड्यात दोन मॅच मिळाले होते आणि तीन आठवडे दोघांशी बोलणं चालू होतं. पहिला आयटीतला. तिने काही लिहिलं की दहा-पंधरा मिनिटांत उत्तर, तेही भरघोस, आठ-दहा ओळींचं. दुसरा चाकणच्या कारखान्यात. त्याचं उत्तर कधी सात तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आणि दोन ओळींच्या पुढे क्वचित. भाचीचा कल पहिल्याकडे होता. "दुसऱ्याला फार काही पडलेलं दिसत नाही," असं तिचं म्हणणं.

मी दोन्ही संभाषणं सुरुवातीपासून वाचली. एका संध्याकाळी तिने दोघांनाही एकच गोष्ट कळवली होती: आज आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहिल्याने लगेच लिहिलं, "अरे बापरे, काळजी घे." मग त्याच्या आजोबांचं ऑपरेशन, ते हॉस्पिटल, तिथली गर्दी, पार्किंगचा त्रास, असं बरंच काही. वाचायला ते चांगलं होतं, पण आजी तेवढ्यावरच संपली. दुसऱ्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला आलं: "आजीची पट्टी निघाली का?" पाच दिवसांनी पुन्हा: "थेंब कोण घालतं? तू बँकेत असताना?"

यानंतर आम्ही दोघी मोजायला बसलो. पहिल्याचे ६४ संदेश होते, त्यांत प्रश्न ९. त्यातले सहा "जेवलीस का?" किंवा "काय चाललंय?" या जातीचे. दुसऱ्याचे संदेश २३ आणि प्रश्न ११. त्यातले आठ असे, की भाचीने आधी काहीतरी सांगितलं नसतं तर ते सुचलेच नसते. मी त्यांना धागा धरणारे प्रश्न म्हणते. "जेवलीस का?" हे कुणालाही विचारता येतं, एकाच वेळी पाच जणींना पाठवता येतं. "थेंब कोण घालतं?" हे मात्र एकीलाच विचारता येतं, आणि तिचं बोलणं लक्षात ठेवल्याशिवाय येत नाही.

हार्वर्डमधल्या संशोधकांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका अशा प्रश्नांवर आहे. त्यांनी अनोळखी माणसांना १५ मिनिटं ऑनलाइन गप्पा मारायला बसवलं. काहींना निदान ९ प्रश्न विचारायला सांगितलं, काहींना जास्तीत जास्त ४. जास्त विचारणारे समोरच्याला अधिक आवडले, आणि त्याचं बरंचसं श्रेय समोरच्याच्या उत्तरातून निघालेल्या प्रश्नांना होतं. स्पीड डेटिंगमध्येही असे प्रश्न अधिक विचारणाऱ्यांना पुढच्या भेटीसाठी अधिक होकार मिळाले. पण हा निष्कर्ष विचारणारा किती आवडतो याबद्दल आहे. विचारणाऱ्याला आपण आवडतो का, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही मी याच खुणेवर सर्वांत जास्त भिस्त ठेवते, कारण लक्ष न देता ती उमटवणं फार कठीण आहे.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. लग्नाच्या ॲपवर प्रश्नांचा भडिमार होतो: पॅकेज किती, फ्लॅट स्वतःचा का, गाव कोणतं, पत्रिका बघता का, लग्नानंतर नोकरी करणार का. हे प्रश्न रास्त आहेत, विचारायलाच हवेत. पण ती चौकशी स्थळाची असते. फरक उत्तरानंतर कळतो. "आमचं मूळ गाव वाई" असं सांगितल्यावर लगेच "आणि भावंडं किती?" आलं, तर समोरचा यादी भरतो आहे. "मग सुट्टीत जाता का अजून? घर आहे तिथे?" आलं, तर तो ऐकतो आहे.

लांबीबद्दल भाचीची समजूत अगदी साहजिक होती: लांब लिहितो म्हणजे वेळ देतो. अमेरिकेतल्या चार शहरांतल्या ऑनलाइन डेटिंगचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की जास्त मागणी असलेल्या व्यक्तीला लिहिताना लोक संदेश लांबवतात, पण एक शहर सोडलं तर त्यामुळे उत्तर मिळण्याची शक्यता काही वाढत नाही. म्हणजे लांबीत आशा असते, लक्ष असेलच असं नाही. शिवाय कुणी बोलून टाइप करतो, कुणाला फोनवर मराठी लिहिणं जिकिरीचं वाटतं. मी लांब संदेशात एवढंच पाहते, की "मी" आणि "माझं" बाजूला काढल्यावर काय उरतं. पहिल्याच्या संदेशांत फारसं काही उरत नव्हतं.

वेळेचं कोडं सुटलं ते शिफ्टमुळे. चाकणच्या मुलाला लाइनवर फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये राहतो. त्याच्या संदेशांच्या वेळा ओळीने लिहून काढल्या तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात उत्तरं दुपारी पावणेचार-चारला, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास, नाइटच्या आठवड्यात सकाळी. फोन हातात आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तो हिला लिहीत होता. उत्तराला किती तास लागले, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्या माणसाच्या रोजच्या चालीशी तो ताडून पाहावा लागतो. काळजी करावी ती चाल मोडल्यावर: शिफ्ट तीच, पण उत्तरं लांबू लागली, आखूड झाली आणि प्रश्नही आटले. तिन्ही एकत्र आणि आठवडाभर दिसलं तर ओढ कमी झाली असं मी मानेन. यातलं एखादंच दिसलं, तर घरात आजारपण असू शकतं किंवा महिनाअखेरचं काम.

उलट टोकाचीही भीती असते. पहिल्या दिवसापासून अखंड उत्तरं, लांबलचक कौतुक आणि बारीक प्रश्न, पण त्यांचा रोख पगार, बचत, गुंतवणूक, घरी एकटी असतेस का याकडे, आणि ॲप सोडून दुसरीकडे बोलूया असा लकडा. व्हिडिओ कॉल मात्र दर वेळी टळतो. फसवणारे या खुणा ठरवून वापरतात. तिथे धागा धरलेला असतो, पण तो पैशाच्या पाकिटाकडे जातो. असं दिसलं की बोलणं तिथेच थांबवावं, पैशाचा विषय निघाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावं.

भाचीला मी एक साधी गोष्ट करायला सांगितली. दोघांनाही एक दिवस प्रश्न न विचारता फक्त एक वाक्य लिही आणि थांब. सारखं आपणच विचारत राहिलो तर समोरचा नुसतं उत्तर देऊनही गप्पा चालू ठेवतो, आणि त्या आपल्याच बळावर चालल्यात हे कळत नाही. तिने लिहिलं, "आज बँकेत ऑडिट सुरू झालं."

पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्याच्या कंपनीतल्या ऑडिटबद्दल, नऊ ओळी. शेवटी, "भेटू ना कधीतरी."

दुसऱ्याला त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. रात्री पाऊण वाजता त्याने लिहिलं: "ऑडिट किती दिवस? माझी सुट्टी गुरुवारी, तुमची रविवारी, म्हणून अडतंय. पण चौथ्या शनिवारी बँक बंद असते ना? त्या आठवड्यात मला फर्स्ट आहे, पाचपर्यंत पुण्यात पोचेन. तोवर आजीचे थेंब संपले असतील का, की संध्याकाळी तुम्हाला घरी लवकर जावं लागेल?"