तारे लुकलुकतात ते कवितेत ठीक, पण दुर्बिणीचं काय?

चिलीच्या वाळवंटात पारनाल नावाचा डोंगर आहे. तिथे व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या चार मोठ्या दुर्बिणी उभ्या आहेत, प्रत्येकीचा आरसा 8.2 मीटरचा. एवढ्या आरशातून खरं तर हबलपेक्षा बारीक दिसायला हवं. पण नुसतं बघितलं तर तारा धूसर ठिपक्यासारखाच दिसतो.

दोष हवेचा. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर पलीकडचं दृश्य हलताना तुम्ही पाहिलं असेल. गरम आणि थंड हवा प्रकाशाला कमी-जास्त वळवते, म्हणून तसं होतं. आकाशातही हेच घडतं. ताऱ्याचा प्रकाश वातावरणाच्या वर सपाट लाटेसारखा येतो आणि खाली पोहोचेपर्यंत त्या लाटेला सुरकुत्या पडतात. साधारण दहा-वीस सेंटीमीटरच्या तुकड्यापुरतीच ती सपाट उरते. त्यामुळे दुर्बीण मोठी केली तर प्रकाश जास्त गोळा होतो, पण चित्र बारीक होत नाही.

मग उपाय काय? सुरकुती मोजायची आणि आरशालाच उलटी सुरकुती पाडायची!

मोजण्यासाठी प्रकाश छोट्या छोट्या भिंगांच्या जाळीतून नेतात. प्रत्येक भिंग एक ठिपका पाडतं. ठिपका जागेवरून सरकला, की त्या ठिकाणी लाट किती तिरकी झालीय ते कळतं. समजा, लाटेचा एक भाग एक मायक्रॉन मागे पडलाय. मग आरसा तिथे अर्धा मायक्रॉन पुढे ढकलायचा. अर्धाच का? कारण प्रकाश आरशाकडे जाताना आणि परतताना असं दोन्ही वेळा अंतर वाचतं.

पारनालच्या येपुन या दुर्बिणीत असा लवचीक आरसा आहे. तो 1.1 मीटर रुंद आणि फक्त दोन मिलिमीटर जाड आहे. त्याच्या मागे 1170 चुंबकीय ढकलयंत्रं आहेत आणि सेकंदाला हजार वेळा त्याचा आकार बदलता येतो. हवा काही मिलिसेकंदांत बदलते, त्यामुळे उशीर झाला तर कालच्या सुरकुतीवर आजची इस्त्री फिरवल्यासारखं होतं.

मोजमापासाठी जवळ तेजस्वी तारा हवा, आणि तो नेहमी नसतो. म्हणून लेझर सोडून 90 किलोमीटरवरच्या सोडियमच्या थरात कृत्रिम तारा पेटवतात. पण इथे एक मेख आहे. लेझर त्याच हवेतून वर जातो आणि त्याच हवेतून परत येतो. त्यामुळे संपूर्ण चित्र किती सरकलं हे त्याला कळत नाही. तेवढ्यासाठी एक खरा तारा लागतोच, मंद असला तरी चालतो.

2018 मध्ये येपुननं नेपच्यूनचे फोटो काढले, आणि ते हबलच्या फोटोंपेक्षा स्पष्ट निघाले. अर्थात, आकाशाच्या अगदी लहान तुकड्यापुरतेच. थोडं बाजूला बघितलं, की प्रकाश दुसऱ्या हवेतून येतो आणि सुरकुतीही दुसरीच असते.