टाके सुकले, मग ओझं का नको?

वरवंडच्या शिवारात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा मजूर जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन करून येतो, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सहा आठवडे हलकं काम’ असं असतं. दहा-बारा दिवसांत जखम भरते आणि थांबणं पटेनासं होतं. पण भरलेली असते ती कातडी. आत, पोटाची भिंत विरली तिथे बहुधा जाळी बसवलेली असते. तिला खरी पकड शरीरच देतं: कूड लिंपताना माती फटींत शिरून धरते, तसे नवे तंतू जाळीच्या छिद्रांतून विणले जातात. ते पक्के व्हायला आठवडे लागतात.

यावर आक्षेप येतो, की जोराच्या खोकल्यानंही पोटातला दाब खूप चढतो, मग ओझ्यालाच बंदी का? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आता अंथरुणाला खिळवत नाहीत, चालायला लगेच सांगतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी तर जड ओझ्यासाठी दोन-तीन आठवड्यांची विश्रांतीही पुरेशी मानली आहे. मात्र मोळी दिवसभर, वाकून, श्वास रोखून, पुन्हापुन्हा उचलावी लागते. म्हणून मला ‘हलकं काम’ हे शब्दच अपुरे वाटतात. मुकादमाला त्यातून काहीच कळत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत पाच किलोच्या वर नाही, मोळी, फळी बंद, पाचट गोळा करणं चालेल’ असं लिहिलं तर कळतं. आणि खाली एक ओळ हवीच: जांघेत फुगा आला, दाबून आत जाईना, दुखून उलट्या झाल्या, तर त्याच घटकेला दवाखाना.