थेंब ओघळला, पण कळलं किती?

दुधात पिठूळ भेसळ आहे का, हे घरी बऱ्यापैकी खात्रीने कळतं. दोन-तीन मिली दुधात पाच मिली पाणी घालून उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला, तर स्टार्च आहे. उकळल्याने स्टार्चचे कण फुलतात आणि आयोडीन त्यांना धरतं. गार करायचं, कारण गरम असताना तो निळा रंग टिकत नाही. घाईत इथेच फसगत होते. शेजारी दुसऱ्या वाटीत चिमूटभर कणीक घालून उकळलेलं दूध ठेवलं, तर तुलना सोपी जाते. तपासलेलं दूध मात्र ओतून द्या.

पाण्याचं तसं नाही. तिरक्या, गुळगुळीत ताटलीवर थेंब सोडला की चांगलं दूध सावकाश, मागे पांढरी रेघ ठेवत उतरतं. पाणचट दूध झरकन ओघळतं. पण म्हशीच्या लिटरभर दुधात पाव लिटर पाणी घातलं, तर साडेसहा टक्के फॅट ५.२ वर येतं, म्हणजे तरीही गाईच्या दुधाहून जास्त. असा थेंब सहज ‘पास’ होतो. उलट, टोन्ड दूध भेसळ नसतानाही पातळच वागतं.

लॅक्टोमीटरही चकतो. पाण्याने दुधाची घनता उतरते, साखरेने पुन्हा चढते. साखर किंवा युरिया आयोडीनला दिसत नाही. दूध सतत पातळ वाटत असेल, तर डेअरीत फॅट आणि एसएनएफ मोजून घ्यावं.