साडेअकरा किलो फॅट गेली कुठे?

दुधाचा टँकर संघाच्या गेटवर पोहोचला की आधी त्याचे वजन होते, मग नमुना काढला जातो आणि त्याची फॅट तपासली जाते. हा आकडा आणि गावोगावच्या संकलन केंद्रांनी कळवलेला आकडा यांत थोडे अंतर पडणार, हे दोन्हीकडच्यांना मान्य असते. टाकी नीट ढवळली नाही तर साय वर राहते आणि नमुना फसवा निघतो. पण अंतर थेट एका टक्क्याच्या वर गेले, की नजर टँकरच्या ड्रायव्हरकडे वळते आणि वाटेत पाणी कुठे मिसळले याची चौकशी सुरू होते. अशा वेळी दुधाआधी एकदा एक्सेलची शीट तपासावी. तिथे पाण्याचा थेंबही न मिसळता फॅट गायब होऊ शकते.

एक साधे, बेतलेले उदाहरण घेऊ. एका रूटवर तीन गावे आहेत. पहिल्या गावात संकरित गायी जास्त, म्हणून दूध 800 किलो आणि फॅट 3.6. दुसऱ्या गावात गायी-म्हशी मिसळ, दूध 150 किलो, फॅट 5.0. तिसरी लहानशी वाडी, सगळ्या म्हशी. दूध जेमतेम 50 किलो, पण फॅट 6.8. प्रत्येक केंद्राचा सचिव संध्याकाळी एक ओळ पाठवतो: गाव, दूध, सरासरी फॅट. ऑफिसात त्या ओळी एका शीटमध्ये येतात, Village, Milk आणि Fat अशा रकान्यांत. त्यावर पिव्होट टेबल लावतात, Fat हे फील्ड Values मध्ये ओढतात आणि Sum च्या जागी Average निवडतात. खाली Grand Total समोर 5.13 येते.

आता हाताने हिशेब करू. पहिल्या गावाच्या 800 किलो दुधात 28.8 किलो फॅट आहे, दुसऱ्याच्या 150 किलोत 7.5 आणि वाडीच्या 50 किलोत 3.4. एकूण 1000 किलो दुधात 39.7 किलो, म्हणजे 3.97 टक्के. संघाच्या तपासणीत हाच आकडा येणार, आणि तो बरोबर आहे. पिव्होटच्या 5.13 वर विश्वास ठेवला तर मात्र टँकरमध्ये 51.3 किलो फॅट हवी होती. मधली साडेअकरा किलो कोणी चोरली नाही. ती टँकरमध्ये चढलीच नव्हती.

पिव्होटने केले ते एवढेच: 3.6, 5.0 आणि 6.8 यांची बेरीज करून तीनने भागले. वाडीच्या 50 किलोला त्याने पहिल्या गावाच्या 800 किलोइतकेच वजन दिले. फॅटचा प्रत्येक आकडा मुळात एक भागाकार आहे, फॅटचे किलो भागिले दुधाचे किलो. आधीच भागलेल्या आकड्यांची पुन्हा सरासरी काढली की कोणता आकडा किती दुधावरचा होता, ही माहिती हिशेबातून निघून जाते. म्हणून हा आकडा बहिराही असतो. उद्या पहिल्या गावाचे दूध 800 वरून 400 किलोवर आले, तर टँकरची खरी फॅट वाढून 4.22 होईल. पिव्होट मात्र 5.13 च दाखवत राहील.

इथे एक्सेलवरचा एक खोटा आळ दूर करायला हवा. Grand Total ही वर दिसणाऱ्या सरासऱ्यांची सरासरी असते, असे बरेच जण समजतात. तसे नसते. पिव्होट प्रत्येक वेळी मूळ शीटकडे परत जाते आणि तिथल्या सगळ्या ओळींची सरासरी काढते. आपल्या शीटमध्ये गावाची एकच ओळ होती, म्हणून दोन्ही गोष्टी एकच झाल्या. समजा शीटमध्ये गावांऐवजी शेतकऱ्यांच्या ओळी असत्या: पहिल्या गावात 40 किलो घालणारे 20 जण, दुसऱ्यात 10 किलोवाले 15 आणि वाडीत 5 किलोवाले 10, आणि गावात सगळ्यांची फॅट सारखीच. मग Grand Total मध्ये 4.78 आले असते, कारण प्रत्येक शेतकऱ्याला एक मत मिळाले असते. आणि पिव्होटमधल्या तीन सरासऱ्या माउसने निवडल्या, तर खिडकीच्या तळाशी स्टेटस बारवर Average: 5.13 दिसले असते. एकाच स्क्रीनवर दोन सरासऱ्या, आणि टँकरच्या दृष्टीने दोन्ही चुकीच्या. Grand Total नेमके कोणत्या ओळींवरून आले हे बघायचे असेल, तर त्या आकड्यावर डबल क्लिक करावे. एक्सेल नवी शीट उघडून त्या ओळी समोर ठेवते. तिथे दर ओळीत आधीच काढलेली टक्केवारी दिसली, की रोग सापडला.

दुरुस्ती मूळ शीटमध्ये सुरू होते. FatKg नावाचा एक रकाना वाढवायचा आणि दर ओळीत फॅटचे किलो काढायचे. Milk जर C मध्ये आणि Fat जर D मध्ये असेल, तर:

```
=C2*D2/100
```

नव्या रकान्यासकट शीट पिव्होटला पुन्हा दाखवायची, आणि मग PivotTable Analyze मधल्या Fields, Items & Sets खाली Calculated Field उघडून FatPct हे फील्ड तयार करायचे:

```
=FatKg/Milk*100
```

कॅल्क्युलेटेड फील्डची पद्धत अशी, की ते आधी प्रत्येक फील्डची बेरीज करते आणि मग सूत्र लावते. गावाच्या ओळीत गावाची बेरीज, Grand Total मध्ये सगळ्या रूटची. त्यामुळे वर 3.6, 5.0, 6.8 तसेच राहतात आणि खाली 39.7 भागिले 1000, म्हणजे 3.97 येते. रकान्यावर मात्र Sum of FatPct असे नाव दिसेल. टक्क्यांची बेरीज झाली म्हणून कोणी घाबरण्याआधी ते बदलून टाकावे.

हाच गुण उलट बाजूने दगा देतो. नवा रकाना कशाला, म्हणून कोणी कॅल्क्युलेटेड फील्डमध्येच Milk*Fat/100 लिहिले, तर तिथेही आधी बेरीज होते: दूध 1000, फॅट 15.4, आणि Grand Total मध्ये 154 किलो फॅट. हजार किलोत दीडशे किलो फॅट देणारी म्हैस अजून कोणाच्या गोठ्यात नाही, त्यामुळे ही चूक निदान लगेच दिसते. म्हणून गुणाकार शीटच्या ओळीत करावा आणि भागाकार पिव्होटमध्ये. पिव्होट डेटा मॉडेलवर बांधलेले असेल तर कॅल्क्युलेटेड फील्ड उपलब्ध नसते. तिथे मेजर लिहावे लागते, आणि त्यातही दोन बेरजांचा भागाकारच करायचा.

4.78 हा आकडा मात्र सरसकट टाकाऊ नाही. रूटवरच्या सरासरी शेतकऱ्याच्या दुधाला किती फॅट लागते, असा प्रश्न असेल तर उत्तर तेच. टँकरमध्ये काय आहे, हा वेगळा प्रश्न. आणि सगळी केंद्रे सारखेच दूध देत असतील तर साधी आणि भारित सरासरी एकच येते. म्हणूनच ही चूक कित्येक महिने लपून राहते आणि एखाद्या गावाचे दूध घटले की अचानक वर येते.

पिव्होटशिवाय पडताळणी करायची तर कुठल्याही रिकाम्या खान्यात एक ओळ पुरते:

```
=SUMPRODUCT(C2:C4,D2:D4)/SUM(C2:C4)
```

हे उत्तर सहसा सर्वांत जास्त दूध देणाऱ्या गावाकडे झुकलेले असते. आपल्या उदाहरणात 80 टक्के दूध 3.6 फॅटचे आहे, तेव्हा 5.13 हा आकडा नुसता बघूनही खटकायला हवा होता. पण एखाद्या सचिवाने फॅट कळवली आणि दूधच कळवले नाही, तर कोणतेही सूत्र चालत नाही. त्याला फोन करून त्या दिवसाचे किलो विचारावे लागतात.